लावायचा की उडवायचा? पेटाँक नव्याने खेळणाऱ्यांसाठी

मैदानात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. पेटाँकमध्ये आपले बॉल जॅक नावाच्या छोट्या गोळ्याजवळ न्यायचे असतात, पण समोरच्या टीमचा बॉल जॅकजवळ दिसला की त्याचे हात शिवशिवायला लागतात, धाडकन उडवायचाच. कधीकधी उडतोही, बाजूचे दोघं वा वा करतात, आणि डाव संपल्यावर मोजायला बसलं की गुण समोरच्यालाच. मग तो विचारतो, असं कसं, मी तर उडवला ना त्यांचा बॉल? हे सगळं त्याच्यासाठी लिहितोय. बॉल लावणं म्हणजे पॉइंटिंग आणि बॉल उडवणं म्हणजे शूटिंग, या दोन्हीची टेक्निक थोड्या सरावाने जमते, पण कुठल्या वेळी काय करायचं हे गुण मोजता आल्याशिवाय कळत नाही आणि ते कोणी नीट बसून सांगत नाही.

एक आधीच सांगतो, बूल, म्हणजे असा छोट्या गोळ्याजवळ बॉल टाकायचा खेळ, त्याचे बरेच प्रकार आहेत, मी फक्त पेटाँकबद्दल बोलतोय, स्टीलच्या बॉलचा जो आहे तो. आणि स्कोअरला मी इथे सरळ गुण म्हणणार आहे, नाहीतर पॉइंट आणि पॉइंटिंगमध्ये गोंधळ होईल.

१. सामान आणि जागा

सामान फार लागत नाही:

- स्टीलचे पोकळ बॉल. सिंगल्स आणि डबल्समध्ये माणशी ३, ट्रिपल्समध्ये माणशी २. मॅचच्या नियमाप्रमाणे बॉलचा व्यास ७०.५ ते ८० मिमी आणि वजन ६५० ते ८०० ग्रॅम.
- जॅक, म्हणजे ३० मिमीचा छोटा लाकडी गोळा. भडक रंगाचा घ्या, मातीत साधा लाकडी रंग दिसत नाही.
- मेजरिंग टेप, सुताराकडे असते तसली.
- सुती फडकं. मुंबईच्या घामाला याला पर्याय नाही, तळवा ओला असला की बॉल सुटायच्या आधीच सुटतो.
- वर्तुळ आखायला काठी किंवा खडू.

ऑनलाइन जे ८ बॉलचे स्वस्त सेट मिळतात ते शिकायला चालतात. त्यातले बरेच आतून भरलेले असतात, मॅचला चालत नाहीत आणि जमिनीवर आपटल्यावर वेगळेच वागतात, पण सुरुवातीला तेवढ्याने काही अडत नाही. फक्त आठही बॉल घेऊन फिरायचं म्हणजे ५ किलोच्या वर ओझं होतं, आणि मेट्रोने जाणार असाल तर स्कॅनरवर बॅग उघडून दाखवायची तयारी ठेवा, स्क्रीनवर आठ गोल लोखंडी गोळे दिसल्यावर कुठलाही गार्ड विचारणारच.

जागा मात्र नीट निवडा. कडक माती आणि वर बारीक खडी किंवा मुरूम, ही सगळ्यात चांगली. शिवाजी पार्कसारख्या मैदानाच्या कडेला, जिथे गवत गेलेलं असतं आणि माती दाबून बसलेली असते, तिथे मस्त खेळता येतं, फक्त सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत, किंवा ते जिथे नाहीत त्या कोपऱ्यात. लॉनवर बॉल अडकतो. पेव्हर ब्लॉकवर थांबतच नाही, शिवाय ब्लॉक फुटला तर सोसायटीची मीटिंग लागेल. जुहूच्या कोरड्या वाळूत बॉल पडतो तिथेच रुततो, सरपटत नेणं विसरा. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू कडक असते आणि लोक तिथे खेळतातही, पण तिला समुद्राच्या दिशेने उतार असतो, तो डोळ्याला दिसत नाही, बॉलला बरोबर दिसतो.

हे ७०० ग्रॅमचं लोखंड आहे हे विसरू नका. जवळ लहान मुलं पळत असतील तर शूटिंग करायचं नाही, विषय संपला.

२. वर्तुळ, जॅक आणि पाळी कोणाची

टॉस जिंकणारी टीम जमिनीवर ३५ ते ५० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखते, त्यात उभं राहून जॅक टाकते. जॅक ६ ते १० मीटरच्या मध्ये थांबला पाहिजे. नाही थांबला तर जॅक समोरच्या टीमला मिळतो आणि ते त्याच ६ ते १० मीटरमध्ये हाताने ठेवतात. पहिला बॉल मात्र जॅक आधी टाकणाऱ्या टीमनेच टाकायचा.

बॉल टाकताना दोन्ही पाय वर्तुळात, जमिनीला टेकलेले, आणि बॉल जमिनीला लागेपर्यंत उचलायचे नाहीत. हा नियम म्हणजेच पेटाँक खरं तर. दक्षिण फ्रान्समध्ये याआधीचा जो जुना खेळ आहे त्यात पावलं टाकत, धावत येऊन बॉल मारतात आणि अंतरही लांब असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ला सिओता नावाच्या गावात संधिवाताने धावता न येणाऱ्या एका खेळाडूसाठी हा जागेवरून खेळायचा प्रकार निघाला असं तिथले लोक सांगतात. त्यामुळे गुडघे दुखतात म्हणून बसून राहिलेल्या काकांना बिनधास्त बोलवा, खेळ त्यांच्यासारख्यासाठीच निघालाय.

आता पाळी. एक तुमचा एक आमचा असं इथे नाही. ज्या टीमचा बॉल जॅकला सगळ्यात जवळ आहे ती टीम थांबते, दुसरी टीम टाकत राहते. कधीपर्यंत? तर त्यांचा बॉल सगळ्यात जवळ येईपर्यंत किंवा त्यांचे बॉल संपेपर्यंत. मग पाळी बदलते. एका टीमचे संपले की दुसरी आपले उरलेले सगळे टाकते. त्यामुळे एक टीम सलग तीन-चार बॉल टाकून मोकळी होते आणि दुसरीच्या हातात पाच शिल्लक असतात, असं नेहमी होतं. हातात किती उरलेत हा आकडा कायम डोक्यात ठेवा, पुढे त्यावरच सगळं आहे.

३. गुण कसे मोजायचे

सगळे बॉल टाकून झाले की डाव संपला. एका डावात गुण एकाच टीमला मिळतात, दुसरीला शून्य. समोरच्या टीमचा जॅकच्या सगळ्यात जवळचा बॉल शोधा. त्याच्यापेक्षा जवळ तुमचे जितके बॉल, तितके तुमचे गुण. बस.

म्हणजे तुमचे बॉल १० सेंटिमीटर, ३० आणि ५० वर आहेत, आणि त्यांचा एक २० वर, तर तुम्हाला १ गुण. तीन नाही. त्यांच्या २० वाल्या बॉलने तुमचे मागचे दोन अडवून ठेवलेत. हाच बॉल नसता तर ते तीनही मोजले गेले असते. हे उदाहरण परत एकदा वाचा, कारण शूटिंग कशासाठी करायचं त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

जिंकलेली टीम पुढच्या डावासाठी जिथे जॅक होता तिथे वर्तुळ आखते आणि तिथून जॅक टाकते. १३ गुण आधी करेल त्याची मॅच.

४. पॉइंटिंग: बॉल लावणं

बॉल तळव्यात, बोटं जुळलेली, आणि हाताची पालथी बाजू वर, म्हणजे तळवा जमिनीकडे. नवीन माणूस तळवा आकाशाकडे करून लहान मुलाला बॉल द्यावा तसा टाकतो, मग बॉल पडला की पुढे पळत सुटतो. तळवा खाली ठेवून सोडला की बॉल बोटांच्या टोकांवरून निघतो आणि त्याला उलटी फिरकी बसते, त्या फिरकीने तो टप्पा पडल्यावर दबतो. उकिडवं बसून टाका किंवा उभं राहून, दोन्ही चालतं. सहा-सात मीटरला बसून बरं पडतं, लांब असेल तर उभं राहा.

सगळ्यात महत्त्वाचं, जॅककडे बघून टाकू नका. टप्पा कुठे पाडायचा ती जागा ठरवा आणि तिच्याकडे बघा. टाकायच्या आधी चालत जाऊन जमीन बघितली तरी चालतं, फक्त टाकायला एका मिनिटाच्या वर वेळ लावायचा नाही. उतार कुठे आहे, खडा कुठे आहे, कुठे माती सैल आहे, आणि आधी पडलेल्या बॉलच्या खुणा कुठे आहेत हे बघून मग एक टप्पा निवडायचा. टप्पा बरोबर पडला आणि बॉल तरी चुकला तर तुमचा अंदाज चुकला, पुढच्या वेळी टप्पा बदला. टप्पाच चुकला तर हात चुकला, टप्पा तोच ठेवा. हे दोन वेगळे करता आले नाहीत तर माणूस वर्षभर खेळूनही तिथेच राहतो.

टप्पा कुठे घ्यायचा हे जमिनीवर ठरतं. जमीन गुळगुळीत असेल तर वर्तुळापासून एक-दोन मीटरवरच टप्पा पाडून सरपटत न्यायचा. मधे खड्डे-खडे असतील तर अर्ध्या वाटेच्या पुढे उंच टाकायचा, म्हणजे खराब भाग वरच्यावर पार होतो. आणि एकदम उंच टाकून जॅकच्या अलीकडे हातभर अंतरावर पाडायचा हा तिसरा प्रकार, तो दिसायला भारी असतो पण नवीन माणसाने थोडं थांबावं, कारण उंचीत जरा फरक पडला की बॉल मीटरभर इकडेतिकडे जातो.

बॉल जॅकच्या अलीकडे थांबणं आणि पलीकडे थांबणं, अंतर सारखं असलं तरी किंमत सारखी नसते. अलीकडचा बॉल समोरच्याच्या वाटेत उभा राहतो, त्यांनी टाकलेला बॉल त्याच्यावर आपटला तर तुमचाच बॉल ढकलून जॅकजवळ नेतो. पलीकडचा बॉल कोणाला अडवत नाही. फ्रेंच खेळाडूंची म्हणच आहे, पुढचा बॉल म्हणजे पैशाचा बॉल. त्यामुळे शंका असेल तर थोडा कमी टाका. नवीन लोक जवळजवळ सगळे जास्तच टाकतात.

५. शूटिंग: बॉल उडवणं

शूटिंग उभ्यानेच. पकड तीच, तळवा खालीच, पण हात पूर्ण मागे नेऊन खांद्यातून सरळ रेषेत झुलवायचा, मनगट शेवटी उघडायचं. जोर लावायचा नाही, झोक्याचाच वेग पुरतो. बॉल हवेतूनच जाऊन थेट त्यांच्या बॉलवर बसला पाहिजे. ज्यांनी लहानपणी गोट्या खेळल्यात त्यांना नेम लवकर कळतो, पण ते सरपटत मारायची सवय घेऊन येतात आणि इथे ती नडते. आपल्या मुरमाड जमिनीवर सरपटत मारलेला बॉल एका खड्याने वाट बदलतो, आणि मधे तुमचाच एखादा बॉल असेल तर आधी तोच उडतो. जमीन एकदम कडक आणि सपाट असेल, मधे काहीच नसेल, तरच सरपटत मारा.

आठ मीटरवरून बॉल टिचभर दिसतो आणि भीती वाटते, पण हिशेब करून बघा. दोन्ही बॉल साधारण साडेसात सेंटिमीटरचे, म्हणजे तुमच्या बॉलचा मध्य त्यांच्या बॉलच्या मध्यापासून डावीकडे साडेसात किंवा उजवीकडे साडेसातच्या आत असला की कुठेतरी लागणारच. साधारण वितीपेक्षा थोडी कमी रुंदी मिळते. पण कडेला नुसता चाटून गेला तर त्यांचा बॉल जेमतेम हलतो आणि तुमचा भरकटतो, म्हणून कामाची रुंदी त्याहून बरीच कमी.

बरोबर मध्यावर, हवेतून बसला तर त्यांचा बॉल उडून जातो आणि तुमचा तिथेच, त्यांच्या जागेवर बसतो. याला कारो म्हणतात. एका बॉलमध्ये त्यांचा गेला आणि तुमचा लागला, याहून मोठा शॉट या खेळात नाही. पण त्यावर हिशेब बांधू नका. धरून चालायचं ते असं की उडवलात तर त्यांचा बॉल जाईल आणि तुमचाही जाईल.

सरावासाठी सहा मीटरपासून सुरू करा. टार्गेट बॉलच्या मागे दोन-तीन मीटरवर जुनी गोणी किंवा टायर ठेवा, नाहीतर अर्धा वेळ बॉल आणण्यात जातो आणि कोणाच्या पायावर बसायची भीती. बॉल टार्गेटच्या अलीकडे टप्पा पाडतोय की वरून जातोय ते बाजूला उभं राहून कोणालातरी बघायला सांगा, टाकणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. दिशा बहुतेकांची लवकर सुधारते, लांबी चुकत राहते.

६. मग लावू की उडवू?

इथेच सगळा खेळ आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पॉइंटिंगने बॉल वाढतो, म्हणजे मोजला जाईल असा तुमचा एक बॉल जॅकजवळ येतो. शूटिंगने साधारणपणे काही वाढत नाही, त्यांचा एक कमी होतो. म्हणून उडवायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: त्यांचा हा बॉल इथे नाहीच असं समजा, मग जॅकच्या सगळ्यात जवळ कोण? पाहिजे तर जवळ जाऊन तळहाताने तो बॉल नजरेआड करा आणि उरलेलं चित्र बघा. उत्तर तुमचा बॉल असेल, त्यातही दोन-तीन असतील, तर उडवण्यात अर्थ आहे. उत्तर त्यांचाच दुसरा बॉल असेल तर उडवूनही तुम्ही तिथेच, फक्त हातातला एक बॉल गेला.

आता एक पूर्ण डाव बघू. डबल्स आहे, प्रत्येक टीमकडे ६ बॉल. स्कोअर १०–१०. आपल्याला जॅक टाकायचाय, आपण ८ मीटरवर टाकला. कंसात हातात उरलेले बॉल सांगतो, आधी आपले, मग त्यांचे.

आपला पहिला बॉल जॅकच्या अलीकडे, जरा डावीकडे, ६० सेंटिमीटरवर थांबला (५–६). छान सुरुवात. त्यांचा पहिला लांब गेला, १ मीटर पलीकडे (५–५). जवळ आपणच, म्हणून परत त्यांनीच टाकला, तो जॅकच्या उजवीकडे ४० वर (५–४). आता ते जवळ, पाळी आपली.

४० वरचा बॉल. उडवायचा का? नजरेआड करून बघा: मग आपला ६० वाला जवळ, म्हणजे उडवून १ गुण. पण ४० ला हरवायला ३० वर बॉल लावणं तसं अवघड नाही, आणि लावला तर आपला एक बॉल जॅकजवळ वाढतो. हातात पाच आहेत, घाई नाही. आपण लावायचं ठरवलं. पहिला पलीकडे ७० वर गेला (४–४), दुसरा मस्त, बरोबर समोर २५ वर (३–४).

आता त्यांची पाळी. समोर उभा असलेला २५ चा बॉल, त्याच्या पुढे जाऊन लावणं कठीण, त्यांनी उडवायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं कारण आपला २५ वाला गेला की त्यांचा ४० वाला परत पहिला. पहिला नेम हुकला (३–३). दुसरा बसला, आपला २५ वाला उडाला आणि त्यांचा स्वतःचा बॉलही दोन मीटर मागे गेला (३–२).

आता चित्र असं: त्यांचा ४० वर, आपले ६० आणि ७० वर, त्यांचा दुसरा १ मीटरवर, बाकीचे लांब गेलेले. ते जवळ, पाळी आपली. आपल्या हातात ३, त्यांच्या २. इथे काय कराल, पुढे वाचायच्या आधी ठरवा.

नवीन खेळाडू इथे परत लावायला जातो, मघाशी तेच केलं म्हणून. समजा लावला, ३० वर बसला. आपल्याला किती? १. कारण त्यांचा ४० वाला आपल्या ६० आणि ७० ला अजून अडवूनच बसलाय. आता तोच ४० वाला नजरेआड करा. ६० आपला, ७० आपला, मग त्यांचा १ मीटर. म्हणजे एक बॉल बसला की सरळ २ गुण हातात. मघाशी याच बॉलला उडवून एकच मिळत होता, आता दोन मिळतात, कारण मधल्या काळात मागे ७० वाला येऊन उभा राहिलाय. आणि शूट हुकला तरी आपल्याकडे २ उरतात, त्यांच्याकडेही २, लावायची संधी गेली नाही. शिवाय तो बॉल उजवीकडे एकटा आहे, आपला कुठलाच बॉल वाटेत नाही. उडवायचाच.

उडवला, बसला, त्यांचा ४० वाला गेला, आपलाही दीड मीटर मागे गेला (२–२). आता आपण २ गुणांवर आहोत आणि पाळी त्यांची, त्यांना ६० च्या आत यावंच लागणार. आपला ६० वाला अलीकडे उभा आहे तो त्यांच्या वाटेत येतोय. पहिला ९० वर थांबला (२–१), दुसरा ८० वर (२–०). त्यांचे संपले.

आता आपल्या हातात २ बॉल आणि उडवणारं समोर कोणी नाही. त्यांचा सगळ्यात जवळचा ८० वर आहे. म्हणजे ८० च्या आत जो बॉल थांबेल तो प्रत्येकी एक गुण. इथे हिरोगिरी करून जॅकला चिकटवायला जायचं नाही, आपल्याच ६० आणि ७० ला धक्का न लावता मोकळ्या उजव्या बाजूने हलकेच न्यायचा. पहिला ५० वर (१–०). दुसरा जास्त गेला, १ मीटर २० वर (०–०). मोजा: ५०, ६०, ७० आपले, मग त्यांचा ८०. तीन गुण, १३–१०, मॅच संपली.

याच डावात आपले ६० आणि ७० वाले बॉल दोन्ही दीड मीटरच्या बाहेर असते तर? तर त्यांचा ४० वाला उडवून काहीच मिळालं नसतं, कारण मागे त्यांचाच १ मीटरवाला पहिला झाला असता. तेव्हा मुकाट लावायचं. शॉट तोच, बॉल तोच, नेम तोच, फक्त मागे कोण उभं आहे यावर उत्तर बदलतं.

अजून दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, हातात त्यांच्यापेक्षा कमी बॉल असतील तर शूटिंग जपून, कारण तुमचे आधी संपले की ते निवांत एकामागून एक लावत बसतात. दुसरं, टीममध्ये उडवणारा कोण आहे. पाच वेळा मारून एकदा लागत असेल तर वरचा सगळा हिशेब विसरा आणि लावा. ट्रिपल्समध्ये म्हणूनच सुरुवातीला लावणारा वेगळा आणि उडवणारा वेगळा ठेवतात, मधला दोन्ही करतो.

७. जॅकच उडवणं

हे नवीन लोकांना माहीतच नसतं. जॅक हलवणं नियमात बसतं, आणि बॉल आपटून जॅक मैदानाच्या हद्दीबाहेर गेला, किंवा वर्तुळापासून २० मीटरच्या पलीकडे किंवा ३ मीटरच्या आत आला तर तो बाद. मग दोन्ही टीमच्या हातात बॉल शिल्लक असतील तर डाव रद्द, कोणालाच गुण नाही. दोघांचेही संपले असतील तरी रद्द. पण एकाच टीमच्या हातात बॉल उरले असतील तर जितके उरले तितके गुण त्यांना.

म्हणजे समजा ते चार गुणांवर बसलेत, त्यांचे बॉल संपलेत आणि तुमच्या हातात शेवटचा एकच आहे. लावून जास्तीत जास्त एक मिळेल, तोही चार बॉलच्या गर्दीत घुसला तर. जॅक बाहेर उडवला तर शून्य-शून्य, चार वाचले. हातात दोन असते तर पहिल्याने जॅक बाहेर घालवून उरलेल्या एकाचा एक गुणही मिळाला असता. जॅक ३ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे हे बोलण्याइतकं सोपं नाही, पण दुसरा मार्गच नसतो तेव्हा मारायचा.

उलट तुम्ही चार गुणांवर असाल तर त्यांच्या उडवणाऱ्यावर लक्ष ठेवा, आणि हद्दीची रेघ खेळायच्या आधी ठरवून घ्या. पार्कात खेळताना हे कोणी करत नाही आणि जॅक बाकड्याखाली गेला की मग तो आत का बाहेर यावर पंधरा मिनिटं जातात.

८. मोजताना होणारी भांडणं

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. वर्तुळातून बघितलं की अलीकडचा बॉल आणि पलीकडचा बॉल यांच्या अंतरात डोळा हमखास फसतो. चालत जा, वरून बघा, तरी शंका असेल तर टेप लावा. शेवटचा बॉल ज्या टीमने टाकला त्यांनी मोजायचं, समोरच्यांना परत मोजायचा हक्क आहे. टेप जॅकच्या कडेपासून बॉलच्या सगळ्यात जवळच्या कडेपर्यंत. मोजताना जॅक किंवा मोजायचा बॉल हलला तर मोजणाऱ्या टीमचा तो गुण जातो, म्हणून टेप थरथरत्या हातात देऊ नका.

आणि सगळ्यांचं एकमत व्हायच्या आधी बॉल उचलायचा नाही. उचललेला बॉल मोजला जात नाही, तो ५ सेंटिमीटरवर होता हे सगळ्यांनी बघितलं असलं तरी. कोणीतरी मदत म्हणून भराभर बॉल गोळा करायला लागतो, त्याला आधीच थांबवा.

दोन्ही टीमचे सगळ्यात जवळचे बॉल अगदी सारख्याच अंतरावर निघाले आणि कोणाकडे काही उरलं नसेल तर डाव रद्द. एकाच टीमकडे उरले असतील तर ती टाकते आणि जितके आत बसतील तितके गुण घेते. दोघांकडेही उरले असतील तर ज्याने शेवटचा टाकला तोच परत टाकतो, मग दुसरा, आणि असं एकाआड एक, कोणीतरी जवळ येईपर्यंत.

९. पुढे बॉल घेताना

मॅचचा सेट घ्यायची वेळ आली की आधी तुम्ही काय जास्त करता ते बघा. लावणारे साधारण लहान आणि जड बॉल घेतात, ७१० ग्रॅमच्या वर, रेघा असलेले, म्हणजे पकड बसते आणि बॉल लवकर दबतो. उडवणारे जरा मोठे, हलके, ७०० च्या आतले आणि मऊ स्टीलचे घेतात, कारण मऊ बॉल आपटल्यावर कमी उसळतो आणि कारो बसायची शक्यता वाढते. अजून ठरत नसेल तर ७०० च्या आसपासचा मधला घ्या. व्यास हाताच्या मापाने, ७२ ते ७५ मिमीमध्ये बहुतेकांचं भागतं.

कार्बन स्टीलचा बॉल मुंबईच्या हवेत पावसाळ्यात डब्यात ठेवला तरी गंजतो. जून ते सप्टेंबर तसंही मैदानात चिखल असतो, बॉल टप्पा पडला तिथेच रुतून बसतो, त्यामुळे मे संपला की बॉल कोरडे पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, कापडात गुंडाळून ठेवा. एवढं करायचा कंटाळा असेल तर स्टेनलेसचे घ्या, महाग पडतात पण पुसून ठेवले की झालं.